मिठाईवाल्याला विचारायचं ते नेमकं कसं?

प्रश्न: माझ्या नऊ वर्षांच्या मुलीला सीलिॲक आहे, म्हणजे गव्हातलं ग्लुटेन हे प्रथिन तिच्या शरीराला चालत नाही. गणपतीत तिला पेढे, बर्फी खायची फार इच्छा आहे. आमच्या नेहमीच्या मिठाईवाल्याला व्हॉट्सॲपवर थोडक्यात विचारायचं आहे की खव्याच्या मिठाईत मैदा किंवा स्टार्च घालता का. मागच्या वर्षी विचारलं तेव्हा "शंभर टक्के शुद्ध खवा, बिनधास्त घ्या" एवढंच उत्तर आलं. मेसेज नेमका काय लिहू?

उत्तर:

आधी मेसेज देते, मग त्यातला एकेक शब्द तसाच का ठेवला ते सांगते. मी दुग्धतंत्रज्ञान शिकले आणि चोवीस वर्षं मिठाईच्या कारखान्यात माल तपासायचं काम केलं. असे मेसेज काउंटरवरून माझ्यापर्यंत यायचे, त्यामुळे ते आत पोचल्यावर त्यांचं काय होतं हे मी रोज पाहिलं आहे.

"नमस्कार काका. माझ्या मुलीला डॉक्टरांनी गहू, मैदा, रवा कायमचा बंद केलाय, चिमूटभरही चालत नाही. गुरुवारी तिच्यासाठी अर्धा किलो साधा पेढा हवा आहे. कृपया कारागिरांना विचारून एवढं कळवाल का?
१. साध्या पेढ्यात खवा, साखर, वेलची सोडून आणखी काय पडतं? मैदा, रवा, कॉर्नफ्लॉवर, आरारूट, दूध पावडर, जे असेल त्याचं नाव सांगा.
२. खवा तुमच्याकडेच आटवता की बाहेरून येतो?
३. पेढ्याची कढई, परात, साचे वेगळे असतात की त्यातच गुलाबजाम, बालुशाहीचंही काम होतं?
काही पडत असेल तरी हरकत नाही, मी तिच्यासाठी दुसरं काहीतरी घेईन. फक्त नक्की कळू द्या."

मागच्या वर्षीच्या उत्तरात कुणी खोटं बोललं असेल असं मला वाटत नाही. तुम्ही एक विचारलंत आणि त्यांनी दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर दिलं. "मिठाईत भेसळ आहे का" असं मिठाईवाल्याला दिवसातून दहा जण विचारतात. त्यामुळे "मैदा घालता का" हे वाक्य त्याच्या कानावर आरोप म्हणूनच पडतं आणि तो "शुद्ध" या शब्दाने स्वतःचा बचाव करतो. तुम्हाला तर भेसळीशी काही देणंघेणं नाही. गुलाबजामात मैदा असतोच, खव्याला धरून ठेवायला तो लागतो, साधारण किलोभर खव्याला पाव किलोच्या आसपास. तो गुलाबजाम अगदी शुद्ध आहे आणि तुमच्या मुलीला तो अजिबात चालणार नाही. म्हणून मेसेजमध्ये शुद्ध, भेसळ, दर्जा यातला एकही शब्द येऊ द्यायचा नाही. मुलीचा आजार पहिल्याच ओळीत आला की समोरचा माणूस बचाव सोडून मदतीला लागतो. शेवटची "हरकत नाही" ही ओळ त्यासाठीच आहे. खरं सांगितलं तर गिऱ्हाईक भांडेल ही त्याची धास्ती ती ओळ काढून घेते. ती गाळू नका.

आता शब्दांकडे येऊ. "स्टार्च" हा शब्द मी मुद्दाम टाळला आहे. भट्टीवरच्या माणसाला स्टार्च म्हटलं की कपड्यांची खळ आठवते, आणि "ग्लुटेन" तर त्याने ऐकलेलंही नसतं. "पीठ" हा शब्द त्याहून फसवा. कारखान्यात पीठ म्हणजे कणीक नाहीतर बेसन. मैद्याला मैदा म्हणतात, रव्याला रवा, आणि कॉर्नफ्लॉवरला नुसतं "कॉर्न". तुम्ही "पीठ घालता का" विचारलंत तर तो प्रामाणिकपणे "नाही" म्हणेल, आणि शेजारच्या डब्यात मैदा असेल. म्हणून नावं एकेक करून लिहायची. समोर नावांची यादी असली की माणूस त्यातलं एक उचलतो, मोघम विचारलं की मोघमच उत्तर येतं.

"खव्याची मिठाई" असंही विचारू नका. एका मिठाईचं नाव घ्या. एकाच दुकानात साध्या पेढ्यात फक्त खवा आणि साखर असेल, मलई बर्फीत वडी नीट बसावी म्हणून कॉर्नफ्लॉवर असेल, रबडीला दाटपणा यायला आरारूट लावलं असेल. सगळ्यांचं मिळून एक उत्तर मागितलं की सर्वांत चांगल्या पदार्थाचं उत्तर मिळतं. पहिल्यांदा विचारताना साधा पेढाच निवडा. त्यात घटक सर्वांत कमी, आणि वळणारा कारागीर हाताला सहसा तूपच लावतो, पिठी लावत नाही.

दुसरा प्रश्न, खवा कुठला, हा बहुतेक लोक विचारतच नाहीत आणि घोळ मात्र तिथेच होतो. एक लिटर म्हशीच्या दुधातून साधारण दोनशे ग्रॅमच्या थोडा वर खवा पडतो, गाईच्या दुधातून त्याहूनही कमी. म्हणजे किलोभर खव्यामागे जवळपास पाच लिटर दूध लागतं. सणाच्या आठवड्यात पेढ्याची मागणी एकदम वाढते, दूध मात्र तेवढंच असतं. स्टार्च पाणी धरून ठेवतो, वजन वाढवतो, खवा घट्टही दिसतो, आणि दुधापेक्षा कितीतरी स्वस्त पडतो. खव्याबद्दलचा नियम स्पष्ट आहे. अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या मानकानुसार खव्यात वरून घातलेला स्टार्च आणि वरून घातलेली साखर, दोन्ही असता कामा नयेत, आणि कोरड्या भागात दुधाची चरबी किमान ३० टक्के हवी. पण हा नियम खव्याचा आहे. त्या खव्यापासून गुलाबजाम करताना मैदा घातला तर तो नियमभंग नाही. शिवाय सणाच्या दिवसांत बाजारात "स्पेशल बर्फी" वगैरे नावांनी तयार गोड लगदाही फिरतो. दूध पावडर, साखर, वनस्पती तूप आणि कधी रवा असा त्याचा थाट असतो. दुकानदाराने तो घेतला आणि पेढे वळले तर त्याच्या दृष्टीने त्याने वेगळं काहीच घातलेलं नसतं. मैदा कुणी घातला नाही, आणि तरी पेढ्यात गहू आहे, असं अगदी सहज होतं.

हे माझ्याच हातून घडलेलं आहे, म्हणून सांगते. एका सणाच्या आठवड्यात आमचा नेहमीचा खवा कमी पडला आणि पुरवठादाराने दुसरीकडून मागवून दिला. सकाळीच एका बाईंचा फोन आला होता, त्यांच्या सासऱ्यांना गहू वर्ज्य होता. मी "पेढ्यात मैदा नाही" असं ठामपणे सांगून टाकलं होतं. दुपारी कढईवरच्या कारागिराने मला हाक मारली. चांगला खवा मंद आचेवर घोटत गेलं की थोड्या वेळात कडेने तूप सुटायला लागतं, आणि गोळा कलथ्यावरून सरकून अलगद पडतो. हा गोळा तसा वागत नव्हता. तूप सुटतच नव्हतं, तळाला खळीसारखा चिकट थर धरत होता आणि कलथा उचलला की मागोमाग लांब तार येत होती. चिमूटभर बोटांत चोळला तर तुपाचा ओशटपणा जाणवण्याऐवजी बोटं एकमेकांना चिकटली. थोडा पाण्यात उकळून गार केला आणि आयोडीनचे दोन थेंब टाकले. थेंब पडला तिथून निळा-काळा रंग पसरत गेला, म्हणजे खव्यात स्टार्च होता. मी त्या बाईंना लगेच फोन केला. डबा अजून फोडला नव्हता, पण त्या दिवशी मला जो घाम फुटला तो आजही आठवतो. सकाळचं माझं उत्तर आमच्या कृतीपुरतं खरं होतं. खव्याबद्दल मी काही विचारलंच नव्हतं.

तिसरा प्रश्न भांड्यांचा. सीलिॲकसाठी तो पहिल्या दोन्हींइतकाच महत्त्वाचा आहे, आणि त्यामागचं गणित एकदा समजून घ्या. आपल्याकडे "ग्लुटेनमुक्त" म्हणायचं तर एका किलोत ग्लुटेन २० मिलिग्रॅमहून जास्त चालत नाही. एक ग्रॅम मैद्यात ढोबळमानाने ८० मिलिग्रॅम किंवा त्याहून थोडं जास्त ग्लुटेन असतं. म्हणजे किलोभर पेढ्यात एक ग्रॅम मैदा गेला, लहान चमच्याच्या निम्म्याहूनही कमी, तरी मर्यादेच्या चौपट झालं. एवढा मैदा कुणी घालावा लागत नाही. बालुशाहीची कणीक मळलेली परात नुसती पुसून खव्याला घेतली तरी तो येतो. जिथे मैदा चाळतात त्याच खोलीत पेढे उघडे गार करायला ठेवले तरी वरून बसतो. काउंटरवर एकाच चिमट्याने आधी गुलाबजाम आणि मग पेढा उचलला जातो, ते वेगळंच.

आता समजा, मेसेजला असं उत्तर आलं: "ताई, पेढ्यात फक्त खवा, साखर, वेलची, जायफळ. बर्फीत थोडं कॉर्न पडतं. खवा नेहमीच्या माणसाकडून येतो, सणाला कमी पडला तर दुसरीकडून. गुलाबजाम त्याच भट्टीवर होतात, पण कढई वेगळी." हे उत्तर चांगलं आहे. नावं घेऊन बोलणारा आणि बर्फीतलं कॉर्न आपणहून सांगणारा माणूस लपवत नसतो. तरी त्यातला प्रत्येक तुकडा वेगळा वाचावा लागतो.

पेढ्याचे घटक ठीक आहेत. कॉर्नफ्लॉवर म्हणजे मक्याचा स्टार्च, तो मुळात गव्हाचा नाही, त्यामुळे मुलीला तो चालू शकतो. पण तो सीलबंद पुडीतला आहे की सुटा, हे विचारावं लागेल. सुटा माल ज्या दुकानात, ज्या मापाने तोलला गेला, तिथेच मैदाही तोलला जातो. आरारूटचं उत्तर आलं तर मी जास्त सावध होईन, कारण त्या नावाखाली बाजारात दुसरे स्वस्त स्टार्चही विकले जातात. उपवासासाठी विचारणाऱ्याचं इथे वेगळं होतं. त्याला मकाही धान्य म्हणून चालत नाही, तुम्हाला चालतो. म्हणूनच "स्टार्च आहे की नाही" एवढ्यावर थांबायचं नाही, कशाचा आहे ते विचारायचं.

कच्चा दुवा आहे तो "कमी पडला तर दुसरीकडून" हा. गणपतीच्या आदल्या चार दिवसांत तो कमी पडणारच असं धरून चाला. म्हणून मी तुमच्या जागी असते तर गुरुवारचा हट्ट सोडून सणाच्या आठ-दहा दिवस आधीचा एखादा मधला वार घेतला असता. तेव्हा खवा नेहमीच्या माणसाचा असतो, कारागीर नेहमीचे असतात, हंगामी मुलं अजून आलेली नसतात. आणि दुसरा छोटा मेसेज पाठवला असता:

"काका, खूप आभार. मग बुधवारी सकाळच्या पहिल्या घाण्यातले अर्धा किलो पेढे तिच्यासाठी काढून ठेवाल का? घाणा नेहमीच्याच खव्याचा, धुतलेल्या कढईत, गुलाबजामाचं काम सुरू व्हायच्या आधी. पेढे ट्रेमध्ये न मांडता थेट डब्यात भरून ठेवा, मी दहा वाजता स्वतः येऊन नेते."

यात नवीन सामान काही मागितलेलं नाही, फक्त क्रम बदलला आहे. मिठाईवाल्याला हे जमतं. रात्रीच्या सफाईनंतरचा पहिला घाणा हाच दिवसातला सर्वांत स्वच्छ घाणा असतो. थेट डब्यात भरल्यावर काउंटरचा चिमटाही मधे येत नाही. अर्धा किलोसाठी वेगळा घाणा कुणी लावणार नाही, म्हणून पहिल्या घाण्यातलेच अर्धा किलो मागितले आहेत.

उत्तर पुन्हा "शुद्ध आहे, बिनधास्त घ्या" असंच आलं तर वाद घालू नका. दुपारी दोन ते चारच्या दरम्यान दुकान निवांत असतं, तेव्हा जा आणि भट्टीवरच्या माणसाशी दोन मिनिटं बोला. "दादा, हा पेढा कसा करता हो?" असं विचारलं की कारागीर मनापासून सगळी कृती सांगतो, आणि त्यात काय पडतं ते आपोआप कळतं. मालकाला दर ठाऊक असतात, घाण्यात काय पडलं ते घाणा लावणाऱ्यालाच माहीत. तिथेही टाळाटाळ झाली तर त्या दुकानातून मुलीसाठी घेऊ नका, घरातल्या बाकीच्यांसाठी खुशाल घ्या.

आयोडीनची चाचणी घरी करता येते, फक्त तिची ताकद किती ते लक्षात ठेवा. औषधाच्या दुकानातलं टिंक्चर आयोडीन घ्या. चमचाभर पेढा कुस्करून अर्धी वाटी पाण्यात उकळा आणि पूर्ण गार होऊ द्या. पाणी गरम असताना निळा रंग दिसत नाही, घाईत लोक इथेच चुकतात. मग दोन-तीन थेंब टाका. रंग पिवळसर तपकिरी राहिला तर घातलेला स्टार्च नाही, निळा किंवा काळपट निळा झाला तर आहे. शेजारी एका वाटीत चिमूटभर मैदा असाच उकळून, गार करून ठेवा, म्हणजे रंग ओळखायला चुकणार नाही. तपासलेलं सगळं टाकून द्या, कुणी तोंडात घालू नका.

ही चाचणी स्टार्च दाखवते, गहू नाही. मका, बटाटा, शिंगाडा, तांदूळ, सगळ्यांचा रंग निळाच. काजूतही मुळातच बराच स्टार्च असतो, त्यामुळे काजूची बर्फी अगदी चोख असली तरी निळी होते. त्यावरून दुकानदाराला जाब विचारायला जाऊ नका. उलट बाजूने, परातीला लागलेला अर्धा ग्रॅम मैदा तुमच्या वाटीत दिसेलच असं नाही. म्हणजे निळं आलं आणि काजू नाहीत, तर तो डबा मुलीला देऊ नका. निळं नाही आलं, तर खव्यात ढळढळीत भर घातलेली नाही एवढंच कळलं, भांड्यांबद्दल काहीच कळलेलं नाही. केशर किंवा गडद रंग घातलेल्या पेढ्यावर रंग नीट वाचताही येत नाही, हेही साधा पेढाच निवडण्याचं एक कारण.

सुट्या मिठाईच्या ट्रेवर १ ऑक्टोबर २०२० पासून "बेस्ट बिफोर" तारीख लावणं सक्तीचं आहे, पण त्या पाटीवर घटक सहसा नसतात. बंद डब्यावर मात्र घटकांची यादी असते आणि गहू असेल तर तसा उल्लेख असावा लागतो. "यात गव्हाचे अंश असू शकतात" अशी ओळ असेल तर तो डबा परत ठेवा. बंद डब्यावर "ग्लुटेनमुक्त" असं छापलेलं असेल तर ते दुकानदाराच्या कोणत्याही मेसेजपेक्षा जास्त भरवशाचं, कारण तो दावा मोजमापाला बांधलेला असतो. मिठाईवाल्याच्या मेसेजला ती किंमत नाही. तो कितीही प्रामाणिक असला तरी २० मिलिग्रॅम त्याला डोळ्यांनी दिसत नाहीत. मुलीची तब्येत सध्या नाजूक असेल, आहार नुकताच बदलला असेल किंवा तपासण्यांचे आकडे अजून खाली आले नसतील, तर या वर्षी दुकानाचा विषय सोडून द्या आणि डॉक्टरांना किंवा आहारतज्ज्ञांना विचारून मगच ठरवा.

तोवर तिच्यासाठी घरी करायचे असतील तर दोन लिटर म्हशीचं दूध जाड बुडाच्या कढईत सतत ढवळत आटवा, चारशे ग्रॅमच्या वर खवा मिळेल. तो पूर्ण गार झाल्यावर त्याच्या साधारण एक तृतीयांश पिठीसाखर घालून मळा आणि तुपाच्या हाताने वळा. साखर घरीच दळा, कारण विकतच्या आयसिंग शुगरमध्ये बहुधा कॉर्नस्टार्च असतो. मिक्सरच्या ज्या भांड्यात कधी गहू किंवा रवा फिरवला असेल ते या कामाला घेऊ नका.

दुकानाशी एकदा जमलं तरी हा मेसेज दर वेळी पाठवा. मागचाच मेसेज पुढे ढकलून वर एवढंच लिहा: "काका, मागच्या वेळेसारखंच आहे ना? खवा, कारागीर, कृती, काही बदललंय का?" खवा देणारा माणूस मधे बदललेला असू शकतो, आणि ते कुणी आपणहून कळवत नाही.